सत्तर किलो आणि दोन बोटं

कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझं वजन चव्वेचाळीस किलो होतं. पँटच्या पट्ट्याला वडिलांनी खिळ्याने दोन जादा भोकं पाडून दिली होती. शर्ट बाहेर सोडला की ती दिसत नसत, म्हणून मी शर्ट कायम बाहेर सोडायचो. वर्गात सगळे मला लाजाळू म्हणत. ते खरंच होतं, पण अर्धंच. मी लाजायचो आणि त्याच वेळी आतून जळत असायचो, आणि हे दुसरं कोणाला दिसायचं नाही.

जळायचो एकाच माणसावर. तो माझ्या वर्गातला, करावे गावचा. घरची होडी होती, भाऊ खाडीत मासेमारी करायचे, शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली होती. वर्गात तो माझ्या शेजारी बसायचा आणि बाकाचा पाऊण भाग व्यापायचा. खांदे असे की शर्टाची शिवण कायम उसवलेली. मी कुठेही गेलो की कोपरा शोधायचो. तो आत आला की लोक आपोआप सरकून जागा करायचे, आणि हे त्याच्या लक्षातही येत नसे. मला तर तेच जास्त लागायचं.

त्याला मी का आवडलो कोण जाणे. माझ्या वह्या त्याला उतरवायला लागायच्या, एवढं एक कारण मी मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. ते सोडलं असतं तर तो चांगला माणूस आहे असं कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढी माझी तयारी नव्हती.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लालबागच्या खोलीतून नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आजूबाजूला खडी, वाळू आणि अर्धवट इमारती. टेम्पोतून सामान उतरलं आणि आईचं लोखंडी कपाट जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकलं. हमाल म्हणाले, उद्या बघू. तेवढ्यात हा थोरल्या भावाला घेऊन हजर. मी त्याला बोलावलं नव्हतं. आम्ही येणार एवढंच कधीतरी बोलून गेलो होतो. त्याने कपाटाला दोरखंड बांधला, डोक्यावर पंचा गुंडाळला, कपाट पाठीवर घेतलं आणि भावाने खालून तोलून धरलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोघे एकदाही थांबले नाहीत.

वडील कठड्याला टेकून बघत होते. "अंग असावं तर असं!" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने म्हणाले, "तू उशा घेऊन ये हं."

त्या उशा मी अजून विसरलेलो नाही. एका काखेत दोन, दुसऱ्या काखेत दोन, आणि जिन्यात समोरून तो हात झटकत खाली येतोय. त्या दिवसापासून वडील रोज संध्याकाळी त्याची चौकशी करायला लागले. तो कसा आहे, परत कधी येणार, त्याला जेवायला बोलाव. माझी चौकशी कोणी करत नव्हतं, कारण मी तिथेच असायचो. मी मनात ठरवून टाकलं की वडिलांनी ते वाक्य एकदा तरी माझ्याकडे बघून म्हटलं पाहिजे. दुसरं काही मला नको होतं.

फेब्रुवारीत मी त्याच्या गावच्या व्यायामशाळेत जायला लागलो. तोच घेऊन गेला. देवळामागे दोन खोल्यांची बैठी इमारत होती. पुढच्या खोलीत मारुतीची तसबीर, तेलाचा दिवा, आणि जोर-बैठका काढायला शहाबादी फरशी. मागच्या खोलीत वजनं. दोन्हींच्या मध्ये दार नव्हतं, नुसता एक उंच लाकडी उंबरठा होता. वस्तादांनी बोलावल्याशिवाय तो ओलांडायचा नाही, असा नियम. वस्ताद साठीचे, पूर्वी मिठागरात काम केलेले, अंगाने सडपातळ. ते कधी ओरडायचे नाहीत. त्यामुळे सगळे त्यांना फारच घाबरायचे.

मी तीन आठवडे पुढच्या खोलीत बैठका काढल्या. काढल्या म्हणजे, वीस झाल्या की पाय लटपटायचे आणि मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करायचो. बूट बाहेर काढलेले असायचे हे लक्षात आलं तेव्हा निमित्तही गेलं. उंबरठ्यापलीकडे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येई. तो बाकावर उताणा झोपून रॉड छातीवर उतरवायचा आणि वर न्यायचा. चार पोरं भोवती उभी राहून मोजायची. मी इकडून बघायचो आणि मनात म्हणायचो, या वेळी अडकू दे. तो काही अडकायचा नाही.

मग एका संध्याकाळी वस्तादांनी मान हलवून मला आत बोलावलं.

मी उंबरठा ओलांडला. खोली अरुंद होती. भिंतीला चुना, एका बाजूला डंबेल्सची फळी, मधोमध लाकडी बाक. बाकाच्या डोक्याशी लोखंडी पाइप वेल्डिंग करून केलेले दोन उभे स्टँड, आणि त्यांच्या खाचांत आडवा रॉड. प्लेटा भिंतीला टेकवून ठेवलेल्या. त्या कुठल्याशा फाउंड्रीतून ओतून आणलेल्या होत्या आणि वजनाला तंतोतंत नव्हत्या. म्हणून तोलून जोड्या लावल्या होत्या आणि प्रत्येक जोडीवर एकाच रंगाचा पट्टा मारला होता. पिवळी पिवळीबरोबर, हिरवी हिरवीबरोबर. जोडी मोडली की रॉड एका बाजूला झुकणार.

मला वाटलं, आता मला झोपवतील आणि रॉड देतील. मी मनाची तयारीही करून आलो होतो. पण तिथली रीत वेगळी होती. नव्या माणसाने पहिल्या दिवशी वजन उचलायचं नाही. त्याने दुसऱ्याच्या रॉडला प्लेटा चढवायच्या, उतरवायच्या, आणि त्याच्या डोक्यामागे उभं राहून रॉड राखायचा. दुसऱ्याचं वजन सांभाळता आलं की मग स्वतःचं. आणि मी कोणाच्या मागे उभा राहायचं? अर्थात त्याच्याच. त्यानेच वस्तादांना तसं सांगितलं होतं.

पहिली चूक मी पाच मिनिटांत केली. त्याचा एक हलका सेट संपला होता. प्लेटा उतरव म्हटल्यावर मी सरळ डाव्या बाजूचं, प्लेटा अडवून धरणारं लॉक सोडलं आणि तिकडच्या दोन्ही प्लेटा एकामागून एक काढून घेतल्या. दुसरी हातात आली त्याच क्षणी उजवी बाजू भस्सकन खाली गेली आणि रॉडचं रिकामं टोक वर उसळलं. त्याने एका हाताने झडप घालून तो धरला, नाहीतर माझी हनुवटी फुटली असती. पोरं खदखदून हसली.

"अरं, एक हिकरची काढायची, मंग एक तिकरची," तो म्हणाला. तो हसला नव्हता. "एकाच अंगानं रिकामा केलास तर उलटनारच ना? माझापन उलटला व्हता पयल्यांदा."

त्याचाही उलटला होता म्हणे! दुसरा कोणी हे बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो बोलला म्हणून माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. एवढा मोठेपणा करायला त्याला जड कसं जात नाही, असं वाटलं.

मग वस्तादांनी मला मागे उभं राहायला शिकवलं. पाय खांद्यांएवढे फाकवायचे, गुडघे जरा सैल, पाठ सरळ. झोपलेल्याने "तीन" म्हटलं की रॉड खाचेतून उचलून त्याच्या छातीच्या वर आणून द्यायचा आणि हळूच सोडायचा, झटका नाही. त्यानंतर दोन्ही हात रॉडच्या खाली, पण चार बोटं अंतर ठेवून. रॉड खाली येईल तसे हात खाली, वर जाईल तसे वर. स्पर्श झाला की ते उचलणं मोजत नाहीत. त्याने "घे" म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि म्हटल्यावर थांबायचं नाही. धरताना एक तळवा वर, एक खाली, म्हणजे रॉड हातातून गडगडत नाही.

"लोकं वरून मदत कराला येतात आनि जोर लावतात," वस्ताद शांतपणे म्हणाले. "जोर नाय लागत. तो ढकलतोय तवर तुझी दोन बोटं पुरंत. पन त्याचं हात सुटलं, की मंग सगलं वजन तुझं. ते तुला नाय उचलनार."

मी मान डोलावली. हे सगळं मला नीट समजलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

हनुमान जयंतीला गावात व्यायामशाळेची स्पर्धा असे, ती पंधरा दिवसांवर आली होती. बाकावर झोपून सर्वांत जास्त वजन वर नेणाऱ्याला देवळासमोर फेटा बांधायचे. त्याच्या वडिलांना तो फेटा कधीकाळी मिळाला होता, थोरल्या भावाला मिळाला होता, आणि यंदा त्याची पाळी, असं सगळं गाव धरून चालत होतं. तो पासष्ट किलो तीनदा सहज न्यायचा. सत्तर त्याने स्पर्धेसाठी राखून ठेवलं होतं.

रॉड पंधरा किलोचा. मी दोन्हीकडे वीस-वीसच्या प्लेटा चढवल्या, मग पाच-पाचच्या. पासष्ट. आता एकदा इकडे, एकदा तिकडे. पिवळी पिवळीशी. त्याने ते तीन वेळा नेलं. खाली उतरवताना श्वास आत, वर नेताना बाहेर, छातीला रॉड टेकायचा तो कापसावर ठेवल्यासारखा. उठून बसला तेव्हा त्याच्या कपाळाला नीट घामही नव्हता.

वस्ताद पुढच्या खोलीत गेले होते. मी हळूच म्हणालो, "सत्तर बघू या की आज. का भीती वाटते?"

हे मी का म्हणालो ते मला तेव्हाही माहीत होतं. तो सत्तर नेईल अशी माझी अपेक्षा नव्हती. तो अडकलेला मला बघायचा होता, आणि जवळून बघायचा होता.

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "चढव," म्हणाला.

मी दोन्हीकडे अडीच-अडीचच्या लहान प्लेटा चढवल्या आणि लॉक घट्ट आवळले. तो झोपला, खांदे बाकात रोवले, पाय जमिनीला घट्ट. अंगठे रॉडभोवती. एक, दोन, तीन. मी रॉड सोडला. पहिलं उचलणं सावकाश पण सरळ वर गेलं. कोणीतरी "वा!" केलं. मला वाटलं संपलं, आता हा रॉड खाचेत ठेवणार आणि सगळे याची पाठ थोपटणार.

"अजून एक," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा रॉड छातीवरून सुटला, वीतभर वर आला आणि थांबला. डावं कोपर थरथरायला लागलं. मानेच्या शिरा फुगल्या. झोपलेला माणूस सरळ वर बघतो, आणि वर मागे उभ्या माणसाचा चेहरा असतो. तो माझ्या डोळ्यांत बघत होता.

"घे," तो म्हणाला.

मी ऐकलं. माझे हात रॉडच्या खाली चार बोटांवर होते. आणि मी नाही घेतला. फार नाही, एक श्वास. त्या एका श्वासात माझ्या मनात एवढंच होतं: बघ, यालाही जमत नाही. मला ते बघायला आवडलं. दुसरा शब्द नाही, आवडलंच.

मग त्याचे हात सुटले. मी दोन्ही हातांनी रॉड पकडला तेव्हा तो पुरा सत्तर किलोचा झालेला होता, वस्ताद म्हणाले होते तसाच. तो माझ्यासकट खाली गेला आणि त्याच्या छातीवर आदळला. त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही. वस्ताद धावत आले, त्यांनी एक टोक धरलं, दुसऱ्या पोराने दुसरं, आणि रॉड वर गेला. तो कुशीवर वळून कितीतरी वेळ श्वास शोधत राहिला.

मला कोणी रागावलं नाही. वस्ताद माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भ्यालास. पयला दिस हाय. व्हतं." एक पोरगा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, याच्या हातांत जीव तरी कुठे आहे, काड्याच आहेत. आणि तो, अजून नीट बोलताही येत नसताना, म्हणाला, "त्याचा काय दोस नाय. मीच आवाज बारीक दिला."

कमजोर म्हणवून घ्यायचं नाही म्हणून मी त्या खोलीत शिरलो होतो. आता कमजोर म्हणत होते म्हणून वाचलो होतो. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि सगळ्यांना वाटलं बिचारा लाजतोय.

हाड मोडलं नव्हतं, पण छातीच्या फासळ्यांना जबर मार होता. डॉक्टरांनी महिनाभर वजनाला हात लावू नको म्हणून सांगितलं. हनुमान जयंती आली आणि गेली. फेटा दुसऱ्या कोणाला तरी बांधला. मी तिकडे फिरकलो नाही. कॉलेजात परीक्षेची सुट्टी पडली होती, ते बरंच झालं.

महिना उलटल्यावर एका संध्याकाळी दाराची कडी वाजली. तो उभा होता. वडिलांनी त्याला आत ओढूनच घेतलं, आईने चहा टाकला.

"काय रे, वाळलास!" वडील म्हणाले. "आणि छातीला पट्टा कसला?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आता हा सांगणार, असं मला वाटलं.

"होडीत पाय घसरला, काका. वल्ह्यावर आपटलो," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

वडिलांनी मग मला ऐकवायला सुरुवात केली, की बघ, एवढं लागूनही पोरगा हसतोय, नाहीतर तू. तेव्हा मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. सांगून टाकलं असतं तर हिशेब तरी मिटला असता. हा तेही करत नव्हता.

चहा संपवून तो म्हणाला, "चल, जाऊन येऊ." खाली आल्यावर त्याने कारण सांगितलं. व्यायामशाळेची एक जुनी रीत होती. ज्याच्या हातून रॉड पडला, त्यानेच परत पहिल्यांदा मागे उभं राहायचं. तोवर पडलेल्या माणसाने बाकावर झोपायचं नाही. झोपणाऱ्याची भीती आणि राखणाऱ्याची भीती एकाच दिवशी जावी, असं वस्तादांचं म्हणणं.

"मंजे तू नाय आलास तर माझा बाक बंदच," तो म्हणाला.

नेरूळहून करावे गावापर्यंत आम्ही खडीच्या ढिगांमधून चालत गेलो.

वस्तादांनी आधी नुसता रॉड दिला. मग दोन्हीकडे पाच-पाच. मग ती काढून दहा-दहा. मी एकदा इकडे, एकदा तिकडे, जोडीला जोडी लावत गेलो. पस्तीस किलोवर त्याला घाम फुटला. महिन्यापूर्वी तो एवढ्या वजनावर गप्पा मारायचा. पोरं पांगली होती, वस्ताद उंबरठ्यावर बसून पुढच्या खोलीत बघत होते. तो झोपला, खालून माझ्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणाला, "त्या दिशी आयकलं व्हतंस ना तू?"

खोटं बोलायला वाव होता. भ्यालो म्हटलं असतं तर सगळा गाव साक्षीला होता.

"हो," मी म्हणालो.

"मला म्हाईत हाय. तुझं डोलं दिसत व्हतं."

त्याने अंगठे रॉडभोवती घेतले, खांदे बाकात रोवले.

"आज आयक," तो म्हणाला. "तीनवर सोड."

मी सोडला. सहावं उचलणं वीतभर वर येऊन अडकलं. त्याच जागी, तसंच कोपर थरथरलं, तसेच त्याचे डोळे माझ्या डोळ्यांवर. त्याचा "घे" पुरा व्हायच्या आत माझी बोटं रॉडला लागली. खरंच दोन बोटंच लागली. रॉड वर गेला आणि खाचेत बसला, आणि तो बाकावर पडल्या पडल्या हसायला लागला. वस्तादांनी वळून पाहिलं आणि मला म्हणाले, "उद्यापासून तूबी झोप बाकावर."

घरी गेल्यावर वडिलांनी विचारलं, आज काय उचललंस? मी म्हणालो, काही नाही, त्याचा रॉड धरला. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पेपर उघडला.

पुढे दोन वर्षांत मी त्याच बाकावर पन्नास किलोपर्यंत पोचलो. दर वेळी मागे तोच असायचा, आणि माझ्या "घे"नंतर त्याला कधी अर्धा श्वासही लागला नाही. वडील ते वाक्य मला कधी म्हणाले नाहीत, आणि मीही त्याची वाट बघणं हळूहळू सोडलं. त्याच्या खांद्यांचा हेवाही ओसरला. पण माझे डोळे बघून, माझ्या मनात काय होतं ते ओळखून, तो पुन्हा माझ्याच हाताखाली छाती उघडी टाकून झोपला. त्याच्या जागी मी असतो तर झोपलो नसतो. याचा हेवा मला अजून वाटतो.